घातांकी व लघुगणकी आलेख : अनंतस्पर्शी रेषा नेमकी कोठे काढावी?

घातांकी फलाचा आलेख काढताना वक्राचा आकार बहुतेक विद्यार्थ्यांना साधतो. चूक होते ती अनंतस्पर्शी रेषेच्या जागेत. पाठ्यपुस्तकातील पहिल्या आकृतीत वक्र आडव्या अक्षाच्या जवळ जात असतो. त्यामुळे अक्ष म्हणजेच अनंतस्पर्शी रेषा असे विद्यार्थी धरून चालतो. पुढे फल बदलले, तरी त्याची रेषा जागची हलत नाही. वक्र कोणत्या रेषेकडे झुकतो हे चुकले, की फलाची व्याप्तीही चुकते.

y = 3 − 2^(x−1) हे उदाहरण घेऊ. सुरुवात y = 2^x या मूळ आलेखापासून करावी. त्यावरील (0, 1), (1, 2) व (2, 4) हे तीन बिंदू निश्चित करावेत आणि y = 0 ही अनंतस्पर्शी रेषा तुटक काढावी. यानंतर प्रत्येक पायरीवर तिन्ही बिंदू आणि तुटक रेषा ही चारही सोबत न्यावीत.

पहिली पायरी म्हणजे उजवीकडे एक एककाचे स्थानांतर. बिंदू (1, 1), (2, 2), (3, 4) होतात. आडवी रेषा आडवी सरकवली तरी तीच राहते, म्हणून अनंतस्पर्शी रेषा y = 0 च आहे. दुसरी पायरी आडव्या अक्षातील परावर्तनाची. बिंदू (1, −1), (2, −2), (3, −4) होतात. रेषा स्वतः अक्षावर असल्याने याही वेळी ती हलत नाही. तिसऱ्या पायरीत सर्व काही तीन एकक वर जाते. बिंदू (1, 2), (2, 1), (3, −1) येतात आणि रेषा y = 3 होते. वक्र या रेषेच्या खाली राहतो व डावीकडे जाताना तिच्याजवळ येतो. x = −9 घेतल्यास y ची किंमत 3 पेक्षा केवळ 1/1024 ने कमी असते. आडव्या अक्षाला मात्र हा वक्र सरळ छेदून जातो. अक्षाजवळ वक्र वाकवून त्याला समांतर नेणारा विद्यार्थी अजून जुन्याच रेषेवर अडकलेला आहे, असे समजावे.

पायऱ्यांचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. आधी तीन वर नेऊन मग परावर्तन केले, तर रेषा y = −3 वर जाते आणि आलेख −2^(x−1) − 3 या वेगळ्याच फलाचा होतो. उभ्या ताणाचेही असेच आहे. ताण आडव्या अक्षापासून मोजला जातो. म्हणून 3 − 2·2^(x−1) मध्ये फक्त घातांकी पद दुप्पट होते आणि रेषा y = 3 वरच राहते. पण संपूर्ण फलाला 2 ने गुणले, तर रेषाही y = 6 वर जाते.

आता याच फलाचे व्यस्त फल काढू. y = 3 − 2^(x−1) मध्ये x व y ची अदलाबदल करून सोडवल्यास y = 1 + log₂(3 − x) मिळते. प्रत्येक बिंदूचे निर्देशक उलटतात : (2, 1), (1, 2), (−1, 3). आडवी रेषा y = 3 ही आता उभी रेषा x = 3 होते. वक्र तिच्या डावीकडेच असतो, कारण 3 − x धन असेल तरच लघुगणक अस्तित्वात असतो. पुढचा +1 वक्राला वर नेतो, पण उभ्या रेषेला तो हलवू शकत नाही.

कंसातील 3 − x येथेच अनेकांचा गोंधळ होतो. तीन अधिक आहे, म्हणून डावीकडे तीन सरकवायचे आणि मग परावर्तन विसरायचे, असे घडते व रेषा x = −3 वर काढली जाते. 3 − x = −(x − 3) असे लिहून घेतले, की आधी उभ्या अक्षात परावर्तन व नंतर उजवीकडे तीन, हा क्रम स्पष्ट दिसतो. पडताळा सोपा आहे : कंसातील राशी शून्य करणारी x ची किंमत हीच उभ्या अनंतस्पर्शी रेषेची जागा.

लघुगणकी वक्राचे दुसरे टोक सपाट करण्याची चूकही नेहमी आढळते. हा वक्र डावीकडे जाताना मंद चढतो, पण थांबत नाही. x = −1021 घेतल्यास कंसात 1024 येतात आणि y = 11 मिळते. म्हणून या आलेखाला आडवी अनंतस्पर्शी रेषा नाही.

उत्तरपत्रिका तपासताना वक्रापेक्षा आधी तुटक रेषा पाहावी. ती काढलेली आहे का, तिच्याजवळ समीकरण लिहिले आहे का आणि वक्र तिच्या योग्य बाजूला आहे का, एवढ्यावरून विद्यार्थ्याला फल कितपत समजले आहे, ते कळते.