जोडणीचा हिशेब

परीक्षेतलं हुकमी गणित: विद्यार्थ्यांचा तक्ता 100 ब्लॉकचा, निकालाचा 400 चा, मेमरीत जागा 12 ब्लॉकची. अंतिम उत्तर लिहिण्याचा खर्च सोडून डिस्कवर किती ब्लॉक वाचावे-लिहावे लागतील?

नेस्टेड लूपमध्ये लहान तक्ता बाहेर ठेवा. निकाल वाचायला आणि उत्तराला एकेक ब्लॉक राखला की उरतात 10, म्हणून तो 10 हप्त्यांत येतो. दर हप्त्याला निकाल पुन्हा पहिल्यापासून: 100 + 10 × 400 = 4100. (तक्त्यांची अदलाबदल केली तर 4400, गुण इथेच जातात.)

हॅश जॉइन दोन्ही तक्ते वाचतो, तुकडे करून लिहितो, परत वाचतो: 3 × 500 = 1500. सॉर्ट-मर्जला क्रम लावण्यासकट 3300. तक्ते आधीच क्रमाने असतील तर फक्त 500. मात्र अट बरोबरीची नसेल, तर हॅश बादच.