एका इरकलीची ओळख

माझी एक मैत्रीण सोलापुरातून ऑनलाइन साड्या विकते. तिच्या एका इरकलीचं शीर्षक होतं, ‘सुंदर ट्रेंडी पारंपरिक सिल्क साडी, सणासाठी खास’. फोटो छान होते, ऑर्डरीही यायच्या. मात्र साड्या परतही यायच्या आणि सोबत एकच ओळ असायची: ‘सिल्क म्हणालात, ही तर सुती आहे.’

तिने खोटं लिहिलं नव्हतं, अर्धं लिहिलं होतं. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावचं हे लुगडं, आपल्याकडे ते इरकल झालं. त्याचं अंग बहुधा सुती असतं, काठ आणि पदर मात्र रेशमी किंवा आर्ट सिल्कचे. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा एकमेकांत फासे अडकवून जोडतात. या जोडाला तिकडे ‘तोपे तेनी’ म्हणतात. म्हणजे एकाच साडीत दोन जातींचं सूत नांदतं, आणि ‘मटेरियल’ या एका रकान्यात एकच शब्द भरला की अर्धी साडी खोटी ठरते. तिथे ‘अंग: सुती. काठ आणि पदर: आर्ट सिल्क’ असं लिहावं लागतं.

आर्ट सिल्क म्हणजे व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. त्यात कमीपणा काही नाही. त्याला नुसतं ‘सिल्क’ म्हणण्यात आहे. माल देणारा जे सांगेल तेच खरं धरू नये. पदराच्या टोकाचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. व्हिस्कोसला कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. घरातली ही परीक्षा ढोबळ आहे, मिश्र धाग्यात ती फसते. तरी रेशीम म्हणून पॉलिएस्टर विकण्याची नामुष्की ती टाळते.

शीर्षकाचं दुखणं वेगळं. मोबाइलवर त्याचे सुरुवातीचे मोजके शब्दच दिसतात, आणि तिथे ‘सुंदर ट्रेंडी’ बसले होते. सुंदर आहे की नाही ते फोटोच सांगतो. आम्ही ते बदलून लिहिलं: ‘इरकल साडी, सुती अंग, आर्ट सिल्क पदर, मोरपिशी चौकडा, सहावारी’. शोधणारे Ilkal असं टाइप करतात तसं Irkal असंही करतात, म्हणून एक स्पेलिंग शीर्षकात ठेवलं आणि दुसरं वर्णनात.

मापाचं काम सगळ्यात सोपं, आणि नेमका तिथेच कंटाळा केला जातो. ‘सहावारी’ म्हटलं की साधारण साडेपाच मीटर, नऊवारी सव्वाआठच्या आसपास. पण गिऱ्हाइकाला हवी असते समोरच्या साडीची लांबी. साडी जमिनीवर पसरून, न ताणता टेपने मोजली तर ५.४ मीटर भरली. पन्हा ४६ इंच होता. उंच बाईसाठी पन्हा लांबीइतकाच महत्त्वाचा, कारण कमी पडला तर साडी घोट्याच्या वर राहते. शिवाय ब्लाउजपीस साडीलाच जोडून आहे, वेगळा आहे की नाहीच, आणि साडीची लांबी त्याच्यासकट दिली की वगळून, हेही लिहायला हवं. आमच्या वर्णनातली ओळ अशी झाली: ‘साडी ५.४ मीटर, ब्लाउजपीस नाही, पन्हा ४६ इंच. हाताने मोजल्यामुळे २–३ सेंटीमीटर फरक पडू शकतो.’ ही शेवटची सूट आधीच सांगितलेली बरी. नंतर सांगितली की ती सबब वाटते.

धुण्याच्या सूचनेत बहुतेक जण ‘फक्त ड्रायक्लीन’ लिहून मोकळे होतात. रोजची सुती साडी दर वेळी लाँड्रीत कोण टाकणार? इथे साडीची बनावटच उत्तर देते. सूत ओलं झाल्यावर चिवट होतं, व्हिस्कोस मात्र ओलं असताना कमजोर पडतं. अंगाला चालणारं पिळणं पदराला सोसत नाही, आणि ताण पडतो तो नेमका जोडावर. शिवाय लाल पदरावर पांढरी नक्षी असते, त्यामुळे रंग सुटला की आधी तिथेच दिसतो. ओला पांढरा रुमाल लाल भागावर घासून पाहिला तर त्यावर फिकट गुलाबी डाग आला. म्हणून तिने लिहिलं: ‘पहिल्या धुण्याला लाल रंग थोडा सुटतो. गार पाण्यात, सौम्य साबणाने, वेगळी धुवा. भिजत ठेवू नका, पिळू नका. सावलीत वाळवा. पदराला मध्यम इस्त्री, उलट्या बाजूने.’

रंग सुटतो हे स्वतःहून लिहायला ती आधी बिचकत होती. ‘असं वाचून कोण घेईल?’ मग एका बाईंचा मेसेज आला. त्यांनी किंमत विचारली नाही, रंगाबद्दलही काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: ‘पन्हा ४८ इंच असलेली आहे का?’

नव्हती. तिने तसं कळवलं.