दारावरचा दिवा हलवा

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दारावरच्या दिव्याभोवती जमतात आणि दार उघडताच घरात शिरतात. बहुतेक किड्यांच्या डोळ्यांना अतिनील आणि निळा प्रकाश जास्त जाणवतो, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भाग बराच असतो. म्हणून बाहेर पिवळा, किंवा खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेला, कमी वॅटचा दिवा लावा. तो दाराच्या डोक्यावर नको. दहा-बारा फुटांवरच्या खांबावर, वरून झाकलेला, उजेड पायरीवर पडेल असा असावा. दार उघडण्याआधी आतला दिवा मालवा, नाहीतर किडे त्याच्याकडेच वळतील. दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा. एवढ्याने किडे कमी होतात, पुरते थांबत नाहीत. डास तर आपल्या श्वासावर आणि अंगाच्या वासावर येतात. त्यांच्यासाठी खिडकीला जाळीच हवी.