माफीच्या पत्राने गोष्ट कुठे वळते?

रेडिओसाठी श्रुतिका लिहिताना आमची गाडी एकाच जागी अडते. भांडलेल्या दोघींना जवळ आणायचं कसं? मग एकजण माफीचं पत्र लिहिते, दुसरी रडते आणि गोष्ट संपते. ऐकणारीला ते पटत नाही. का, ते आम्ही रचलेल्या एका गोष्टीवरून पाहू.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याने जाताना आरे-वारे लागतं. आमची कुंदा आरे गावची, सुलभा वारे गावची, दोघी एकाच बचत गटात. हिशेब सुलभाकडे. एकदा कुंदाच्या नावावर १,२०० रुपयांचा हप्ता थकलेला दिसला. कुंदा म्हणाली, "मी भरलाय." सुलभा भर बैठकीत म्हणाली, "खोटं बोलतेस." कुंदाने गट सोडला. चार महिन्यांनी वही चाळताना सुलभाला तो हप्ता दुसरीच्याच पानावर सापडला. अक्षर तिचं स्वतःचं होतं.

पहिल्यांदा आम्ही पत्र असं लिहिलं: "माझ्यामुळे तुझं मन दुखावलं असेल तर माफ कर. तेव्हा तूही फार बोललीस." यातल्या 'असेल तर'ने दोष कुंदाच्या मनावर ढकलला आणि 'तूही'ने भांडण पुन्हा उकरलं. वहीचं तर नावच नाही! हे पत्र काढून टाकलं तरी गोष्ट तशीच पुढे जाते. मग ते वळण कसलं?

दुसरं पत्र असं झालं: "कुंदा, तू हप्ता भरला होतास. मी तो चुकीच्या पानावर लिहिला आणि बारा जणींसमोर तुला खोटी ठरवलं. येत्या बैठकीत त्यांच्यासमोरच वही उघडून हे सांगणार आहे. तू यायलाच हवं असं नाही."

आता कुंदाला ठाऊक नसलेली गोष्ट कळली. आरोप चारचौघींत झाला होता, म्हणून दुरुस्तीही तिथेच होणार. त्यात सुलभाच्या हातून हिशेबाची वही जाऊ शकते, तरी ती बदल्यात काही मागत नाही. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये लहानपणीच्या चोरीबद्दल वडिलांना दिलेल्या चिठ्ठीची हकीकत सांगितली आहे. तिच्यातही चोरीची कबुली होती आणि शिक्षेची मागणी होती.

रेडिओवर पत्र कोणी वाचायचं? आम्ही ते कुंदालाच वाचायला दिलं. सुलभाच्या आवाजात नुसती माफी ऐकू येते. कुंदाच्या आवाजात 'बारा जणींसमोर'पाशी ती कशी अडखळते, तेही कळतं. पत्र मिनिटभराचंच ठेवा, लांबलं की ते भाषण होतं.

आणि लगेच गळाभेट नको. आमची कुंदा उत्तर पाठवत नाही. बैठकीला येते, पण दाराशीच बसते. सुलभा ते पान वाचून दाखवते. सगळ्या गप्प. मग कुंदा विचारते, "आणि त्या दुसरीच्या पानावरचे बाराशे खोडलेस का?"