जुनं सॉफ्टवेअर कधी बंद होणार?

नागरी सहकारी बँकेत नवं सॉफ्टवेअर येणार असलं की मुख्य कार्यालयातून शाखांना परिपत्रक निघतं. पहिला अर्धा कागद संचालक मंडळाच्या दूरदृष्टीला वाहिलेला असतो. कॅशियरला मात्र एवढंच हवं असतं की जुन्यात शेवटची नोंद कधी करायची आणि नव्यात पहिली कधी.

म्हणून परिपत्रकात एक तारीख पुरत नाही. समजा, बदल ऑक्टोबर 2026 मध्ये करायचा आहे. दुसऱ्या शनिवारी बँका बंद असतात, म्हणजे 10 आणि 11 तारीख सलग मोकळी मिळते. मग परिपत्रकात असं लिहावं: ‘शुक्रवार, 9 ऑक्टोबरला सायंकाळी 5 नंतर जुन्या प्रणालीत नोंद करू नये. दिवसअखेर करून तेरीज पत्रक छापावं व शाखाधिकाऱ्यांनी सही करावी. सोमवार, 12 पासून जुनी प्रणाली फक्त पाहण्यासाठी उघडी राहील.’ हे शेवटचं वाक्य नसलं, तर सवयीने कोणीतरी जुन्यातच भरणा टाकतो आणि ती रक्कम नव्या खात्यात दिसतच नाही.

रविवारी दोन्ही तेरजा जुळवायच्या. पण बेरीज जुळली म्हणजे काम झालं, असं नाही. दोन खातेदारांच्या शिलका एकमेकांच्या खात्यात गेल्या, तरी एकूण आकडा तोच राहतो. म्हणून प्रत्येक शाखेने बचत, ठेव आणि कर्ज यांतली काही खाती निवडून नाव, शिलकेसकट एकेक ताडून पाहावीत. नावांकडे विशेष लक्ष हवं. जुन्या प्रणालीत मराठी नावं वेगळ्या फाँटमध्ये टाइप केलेली असली, तर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. ‘सूर्यवंशी’, ‘कुलकर्णी’ ही आडनावं तपासायला चांगली.

प्रशिक्षणाचं वेळापत्रक काउंटर सांभाळून आखावं लागतं. निम्मे कर्मचारी एका दिवशी, उरलेले दुसऱ्या दिवशी. नुसता पडदा दाखवून भागत नाही. प्रत्येकाने सरावाच्या प्रतीवर स्वतःच्या लॉगिनने भरणा टाकावा, चुकीची नोंद उलटवावी आणि दिवसअखेर करावी. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने मंजूर करायची असते, हे तिथेच अंगवळणी पडतं. नाहीतर सोमवारी गर्दीत एकाच पासवर्डवर दोघं काम करतात, आणि पुढे नोंद कोणी केली हे शोधणं अवघड होऊन बसतं.

मदतीसाठी दहा नंबर छापण्यात अर्थ नाही. आधी शाखेतला प्रशिक्षित सहकारी, मग मुख्य कार्यालयाचा ईडीपी विभाग, आणि पुरवठादार कंपनीशी बोलायचं ते ईडीपीनेच. तक्रार कळवताना वेळ, खाते क्रमांक आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा सांगावा. पासवर्ड कोणालाही नाही.

असं परिपत्रक तुमच्याकडे लिहायला आलंच, तर पाठवण्याआधी मसुदा एखाद्या कॅशियरला वाचायला द्या आणि सोमवारी दहा वाजता तो काय करणार ते त्याच्याकडून वदवून घ्या. जिथे तो अडखळेल, ते वाक्य बदला.