एका डॉलरची अनोळखी नोंद

फेब्रुवारी 2020 मध्ये ‘जोकर्स स्टॅश’ नावाच्या चोरबाजारात एक मोठा माल विक्रीला आला. इंटरनेटच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चालणारा हा बाजार चोरलेल्या कार्डांचा होता आणि त्या दिवशीच्या मालात 4 लाख 61 हजारांहून अधिक कार्डांची माहिती होती. त्यातली 98 टक्के कार्डे भारतीय बँकांची होती. कार्डाचा क्रमांक, मुदत, मागचा तीन आकडी सीव्हीव्ही, मालकाचे नाव, फोन, ईमेल असे सगळे एका संचात मिळत होते आणि एका कार्डाचा भाव होता 9 डॉलर. ग्रुप-आयबी या सायबर सुरक्षा कंपनीने हा प्रकार उघडकीस आणला.

असा माल विकत घेणाऱ्यापुढे एक अडचण असते. घेतलेल्या कार्डांपैकी काही एव्हाना ब्लॉक झालेली असतात, काहींची मुदत संपलेली असते, काहींवर खर्चाची मर्यादाच उरलेली नसते. कोणते कार्ड चालू आहे, हे नुसत्या आकड्यांकडे पाहून कळत नाही. ते वापरून पाहावे लागते. वापरताना मोठी रक्कम टाकली तर मालक जागा होतो, बँकेची यंत्रणाही सावध होते. म्हणून आधी एक डॉलर, कधी त्याहूनही कमी. या पडताळणीला ‘कार्ड टेस्टिंग’ म्हणतात. आपल्या स्टेटमेंटवर ऐंशी-नव्वद रुपयांची जी नोंद आपण नजरेआड करतो, ती अशा चाचणीची खूण असू शकते.

ही चाचणी कुणी एकेक कार्ड हाताने टाइप करून करत नाही. एक छोटा प्रोग्रॅम शेकडो कार्डांचे तपशील एखाद्या वेबसाइटच्या पैसे भरण्याच्या पानावर एकामागून एक टाकत जातो. जिथे रक्कम ग्राहकाने स्वतः ठरवायची असते, अशी पाने या कामाला सोयीची पडतात. त्यामुळे देणग्या गोळा करणाऱ्या लहान संस्थांची संकेतस्थळे याला वारंवार बळी पडतात. तिथे एक डॉलरची देणगी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. व्यवहार मंजूर झाला की कार्ड ‘चालू’ ठरते. नामंजूर झाला तरी चाचणी वाया जात नाही, कारण ‘पुरेशी शिल्लक नाही’ असे उत्तर आले तर कार्ड खरे आहे आणि अजून बंद झालेले नाही, एवढे तर कळतेच.

‘मी माझे कार्ड कुठेच वापरत नाही, मग माझा क्रमांक कुणाला कसा मिळणार?’ हा प्रश्न साहजिक आहे. पण क्रमांक चोरावाच लागतो असे नाही, तो अंदाजानेही तयार करता येतो. कार्डाचे पहिले सहा किंवा आठ अंक ते कोणत्या बँकेचे, कोणत्या प्रकारचे आहे हे सांगतात आणि त्या प्रकारच्या सगळ्या कार्डांना ते सारखेच असतात. शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठराविक गणिताने काढलेला असतो. राहिले मधले अंक, आणि ते यंत्र भराभर बदलून पाहू शकते.

मुदत आणि सीव्हीव्ही यांचे काय, हे ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले. कार्ड साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांचे असते, म्हणजे मुदतीच्या महिन्यासाठी साठ शक्यता. सीव्हीव्ही तीन अंकी, म्हणजे हजार शक्यता. एकाच वेबसाइटवर इतके प्रयत्न केले तर ती दार बंद करील. संशोधकांनी ते प्रयत्न अनेक वेबसाइटींवर वाटून टाकले. प्रत्येक ठिकाणी थोडेच प्रयत्न झाले, म्हणून कुणालाच संशय आला नाही, आणि व्हिसाच्या कार्डाचे उरलेले तपशील काही सेकंदांत जुळले. मास्टरकार्डच्या जाळ्याला मात्र विखुरलेले प्रयत्न एकत्र दिसत होते. तिथे दहा प्रयत्नांच्या आतच हा डाव पकडला गेला.

भारतात ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो, मग हे इथे कसे चालते? रिझर्व्ह बँकेने हा जादा पडताळा 2009 पासून सक्तीचा केला तो देशांतर्गत व्यवहारांसाठी. परदेशी वेबसाइटवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावरही व्यवहार होऊ शकतो. म्हणूनच भारतीय कार्डावरची संशयास्पद नोंद बहुधा डॉलर, पौंड किंवा युरोतली असते. स्टेटमेंटवर ती रुपयांत दिसत असली, तरी तिच्या खाली परकीय चलनाच्या शुल्काची आणि त्यावरच्या जीएसटीची काही रुपये-पैशांची वेगळी ओळ येते. मूळ नोंद नजरेतून निसटली तरी ही जोड-ओळ चुगली करते.

लहान रक्कम किती सहज पचते, याचा अमेरिकेतला एक दाखला भीती वाटावी असा आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2010 मध्ये एका टोळीविरुद्ध खटला भरला. या टोळीने खऱ्या कंपन्यांशी मिळत्याजुळत्या नावांच्या बनावट कंपन्या उभ्या केल्या आणि दहा लाखांहून अधिक कार्डांवर 20 सेंट ते 10 डॉलर इतक्या रकमा लावल्या, बहुतेक कार्डांवर फक्त एकदाच. एकूण चोरी होती सुमारे एक कोटी डॉलरची. यातल्या जवळपास 94 टक्के नोंदींवर कुणी हरकतच घेतली नाही. इथे तर लहान रकमा हीच चोरी होती, पुढे मोठा घाव घालायचाही नव्हता. कार्ड टेस्टिंग करणाऱ्यांचा भरवसा लोकांच्या याच सवयीवर असतो.

अर्थात प्रत्येक अनोळखी नोंद चोराची नसते. एखाद्या ॲपमध्ये किंवा सेवेत आपण नवे कार्ड जोडले की ती कंपनी ते चालू आहे का हे पाहण्यासाठी एक-दोन रुपये अडवून ठेवते आणि काही दिवसांत सोडून देते. दुकानाच्या पाटीवरचे नाव एक आणि बँकेत नोंदलेल्या कंपनीचे नाव दुसरे, असेही सर्रास घडते. कोपऱ्यावरच्या बेकरीचे बिल मालकाच्या भलत्याच नावाने येते. त्यामुळे आधी तारीख पाहावी, त्या दिवशीचे पावतीचे ईमेल चाळावेत, घरात ते कार्ड आणखी कोण वापरते त्याला विचारावे. यात पंधरा-वीस मिनिटांहून अधिक वेळ घालवू नये. तेवढ्यात उलगडा झाला नाही तर नोंद अनोळखीच समजावी. रक्कम आपोआप परत आली म्हणूनही निश्चिंत होता येत नाही, कारण चाचणी करणारालाही त्या एका डॉलरची गरज नसते.

आणखी दोन खुणा स्टेटमेंटवर दिसतच नाहीत. एक, ‘आपला आंतरराष्ट्रीय व्यवहार नाकारण्यात आला’ असा संदेश. दुसरी, न मागता आलेला ओटीपी. पैसे गेले नाहीत म्हणून लोक हे संदेश पुसून टाकतात. प्रत्यक्षात कार्डाचे तपशील दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यता त्यांतून पुढे आलेली असते.

आता एक कल्पित उदाहरण तपशिलात पाहू. नाशिकच्या एका शिक्षिकेकडे दोन लाखांच्या मर्यादेचे क्रेडिट कार्ड आहे. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री, शुक्रवारी, परदेशातल्या अनोळखी नावावर एक डॉलर गेल्याचा एसएमएस येतो. त्यांनी पहिले काम करायचे ते बँकेच्या ॲपमध्ये. 2020 च्या नियमांनुसार प्रत्येक कार्डाचा आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन वापर ग्राहकाला स्वतः केव्हाही बंद करता येतो. हे काम मिनिटभराचे आहे, पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. तो क्रमांक चोराकडे आहेच. पुढे कधी परदेशी खरेदीसाठी तीच कळ पुन्हा चालू केली की वाट मोकळी होते. म्हणून कार्ड कायमचे ब्लॉक करून नव्या क्रमांकाचे कार्ड मागवायचे. वीजबिल, विमा अशी दरमहा आपोआप जाणारी बिले नव्या कार्डावर पुन्हा बसवावी लागतील. तो त्रास सोसावाच लागतो.

त्यानंतर त्या एका डॉलरची रीतसर तक्रार. ‘एवढ्याशा रकमेसाठी कशाला?’ असे वाटून लोक इथेच थांबतात, आणि पुढे महागात पडते ते हेच. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचीही नसेल, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला काहीच भुर्दंड बसत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर त्याच्या वाट्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये येतात. साध्या बचत खात्यालाही हीच मर्यादा आहे. सात दिवसांनंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते.

मोजणी सुरू होते ती संदेश आला त्या दिवसानंतर. म्हणजे या शिक्षिकेच्या बाबतीत शुक्रवार धरायचा नाही, दुसरा शनिवार आणि रविवार बँकेला सुटी, तेव्हा सोमवार, मंगळवार, बुधवार हे तीन दिवस. मध्ये आणखी सुटी नसेल तर बुधवार संपेपर्यंत तक्रार झालेली हवी. महिन्याचे स्टेटमेंट येईपर्यंत थांबणाऱ्याची ही मुदत तोवर कधीच उलटलेली असते. त्याच रात्री कळवून ठेवण्याचा दुसराही फायदा आहे. त्यानंतर त्या कार्डावरचे पुढचे व्यवहार रोखणे ही बँकेची जबाबदारी ठरते, आणि तक्रार क्रमांक व वेळ आपल्या हाती असते. चूक ग्राहकाची होती असा बँकेचा दावा असेल, तर ते तिनेच सिद्ध करायचे असते. वादातली रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती खात्यात परत जमा करून नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढणेही बँकेवर बंधनकारक आहे.

फोन करायचा तो कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर. गुगलवर शोधून सापडलेले ‘कस्टमर केअर’चे क्रमांक अनेकदा ठगांनीच पेरलेले असतात. ज्यांच्याकडे कार्डाबरोबर मालकाचा फोन नंबरही आहे, ते उलट स्वतःच फोन करतात: “तुमच्या कार्डावर संशयास्पद व्यवहार दिसतोय, रद्द करायला ओटीपी सांगा.” व्यवहार रद्द करायला ओटीपी लागत नाही. तो दिला तर 2017 च्या नियमात ती ग्राहकाची निष्काळजी धरली जाते आणि तक्रार करेपर्यंतचे सगळे नुकसान त्याच्याच माथी येते.

मोठी रक्कम गेलीच असेल तर बँकेबरोबर 1930 या क्रमांकावर लगेच कळवावे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते.

परदेशी व्यवहारांची फट बुजवण्याचे कामही सुरू झाले आहे. परदेशी विक्रेत्याने जादा पडताळा मागितला तर तो करून देण्याची व्यवस्था भारतीय बँकांनी 1 ऑक्टोबर 2026 पर्यंत उभी करावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये बजावले. मात्र विक्रेत्याने तो मागितलाच नाही, तर या तरतुदीने ओटीपी येणार नाही. तिथे मालकाचा आधार म्हणजे बंद ठेवलेला आंतरराष्ट्रीय वापर आणि मोबाइलवर येणारा तो एक डॉलरचा संदेश.