टक्क्यांची बेरीज होत नाही

गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी गाईचं १९० लिटर दूध आलं, त्याचं फॅट साडेतीन. म्हशीचं १० लिटर आलं, फॅट सात. दोन्ही एकाच टाकीत ओतलं, तर टाकीतल्या दुधाचं फॅट किती? साडेतीन आणि सात मिळवून दोनाने भागलं की सव्वापाच येतात. पण दुधात मुरलेला माणूस हे उत्तर वहीत लिहिणार नाही. टाकीतलं दूध जवळजवळ सगळं गाईचं आहे, हे त्याला दिसत असतं. तो आधी प्रत्येक दुधातलं फॅट मोजतो. गाईच्या दुधात ६.६५, म्हशीच्या दुधात ०.७, मिळून ७.३५. त्याला २०० लिटरने भागलं की पावणेचारच्याही थोडं खाली, ३.७ च्या आसपास फॅट निघतं.

मोबाइलवर जाहिरात करणाऱ्यांच्या हिशेबात मात्र हा सव्वापाचचा आकडा सर्रास दिसतो. तिथे टाकी डोळ्यांना दिसत नाही, दिसतात ते फक्त टक्के.

देवगडच्या एका बागायतदाराचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी गोल धरले आहेत. त्याने हंगामात हापूसच्या तीन जाहिराती चालवल्या. पहिली, गूगलवर त्याच्या बागेचंच नाव शोधणाऱ्यांसाठी. ती ५०० वेळा दिसली आणि तिच्यावर ६० क्लिक झाले, म्हणजे क्लिक रेट १२ टक्के. दुसरी, ‘देवगड हापूस’ असं शोधणाऱ्यांसाठी. ती ९,५०० वेळा दिसली, ३८० क्लिक झाले, रेट ४ टक्के. तिसरी इन्स्टाग्रामवर, लोक सहज बोट फिरवत असताना मध्येच येणारी. ती ९०,००० वेळा दिसली, क्लिक झाले ७२०, रेट ०.८ टक्का.

हंगामाच्या शेवटी एक्सेलच्या तक्त्यात रेटच्या रकान्याखाली सरासरीचं सूत्र टाकलं जातं. बारा, चार आणि शून्य दशांश आठ मिळून १६.८, भागिले तीन, उत्तर ५.६ टक्के. आता खरा हिशेब करू. तिन्ही जाहिराती मिळून एक लाख वेळा दिसल्या आणि त्यांवर १,१६० क्लिक झाले. रेट १.१६ टक्के. दोन उत्तरांत जवळजवळ पाचपटीचा फरक आहे, आणि त्यावर पुढच्या वर्षीचा बेत ठरतो. दोन लाख वेळा जाहिरात दाखवायची असं ठरलं, तर ५.६ टक्क्यांनी ११,२०० लोक दुकानाच्या पानावर यायला हवेत. जाहिरातींची वाटणी हीच राहिली तर प्रत्यक्षात येतील साधारण २,३२०. पेट्या, पेंढा, कुरियरची गाडी आणि फोन घेणारी दोन मुलं यांची तजवीज मात्र अकरा हजारांच्या हिशेबाने झालेली असेल.

साध्या सरासरीने नेमकं काय केलं? तिने पाचशे वेळा दिसलेल्या जाहिरातीला आणि नव्वद हजार वेळा दिसलेल्या जाहिरातीला सारखंच, एक तृतीयांश वजन दिलं. खरं तर पहिलीचा वाटा दोनशेत एक एवढाच आहे. शिवाय या चुकीचा कल बहुतेकदा एकाच बाजूला असतो. नेमक्या गरजू माणसापर्यंत जाणारी जाहिरात लहान असते आणि तिचा रेट चढा असतो. दूरवर पसरणारी जाहिरात मोठी असते आणि तिचा रेट उतरता. म्हणून साधी सरासरी सहसा वस्तुस्थितीपेक्षा गोड आकडा दाखवते, आणि गोड आकडा कोणी पुन्हा तपासत नाही.

दुरुस्ती अगदी सोपी आहे. टक्के बाजूला ठेवायचे, क्लिकची बेरीज करायची, जाहिरात किती वेळा दिसली त्याची बेरीज करायची आणि शेवटी एकदाच भागाकार करायचा. तक्त्यात B रकान्यात दिसण्याची संख्या आणि C मध्ये क्लिक असतील, तर सूत्र असं:

```
=SUM(C2:C4)/SUM(B2:B4)
```

कधी क्लिकचा आकडा हाती नसतो, फक्त दिसण्याची संख्या आणि D रकान्यातला रेट असतो. तेव्हा प्रत्येक रेटला त्याच्या संख्येने गुणून मग भागायचं. यालाच भारित सरासरी म्हणतात:

```
=SUMPRODUCT(B2:B4,D2:D4)/SUM(B2:B4)
```

दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं. फक्त रेट आधीच गोल केलेले असतील, तर दुसऱ्या वाटेने थोडा फरक पडतो. ०.८४ ला ०.८ लिहिलं असेल, तर नव्वद हजारांवर ३६ क्लिक हरवतात.

वजन कशाचं द्यायचं, इथे मात्र सावध राहायला हवं, कारण भारित सरासरी ऐकून माहीत असलेली माणसंसुद्धा इथे अडखळतात. क्लिक करून आलेल्यांपैकी किती जणांनी ऑर्डर दिली, तो कन्व्हर्जन रेट. आपल्या बागायतदाराला पहिल्या जाहिरातीच्या ६० क्लिकमधून ९ ऑर्डर मिळाल्या, म्हणजे १५ टक्के. दुसरीच्या ३८० मधून १९, म्हणजे ५ टक्के. तिसरीच्या ७२० मधून १८, म्हणजे अडीच टक्के. साधी सरासरी साडेसात टक्के निघते. खरा रेट १,१६० क्लिकमागे ४६ ऑर्डर, म्हणजे चार टक्क्यांना किंचित कमी. आता कोणी या टक्क्यांना ‘जाहिरात किती वेळा दिसली’ याचं वजन दिलं, तर उत्तर येतं २.८, आणि तेही चूक. या रेटचा भागाकार क्लिकने झालेला आहे, म्हणून वजनही क्लिकचंच हवं. भागाकारात रेषेखाली जे असतं तेच वजन, एवढं धरून चाललं की गोंधळ होत नाही. एका क्लिकला किती रुपये पडले याची सरासरी काढताना वजन क्लिकचं असेल. खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे किती विक्री झाली, याची सरासरी असेल तर वजन खर्चाचं.

दिवसांच्या बाबतीतही हेच घडतं. सुट्टीच्या दिवशी जाहिरात पाच हजार वेळा दिसली आणि मंगळवारी चारशे वेळा, तर सात दिवसांच्या सात रेटची सरासरी म्हणजे आठवड्याचा रेट नव्हे. एक्सेलच्या पिव्हट तक्त्यात रेटच्या रकान्याला सरासरी लावली, तर तो निमूटपणे हीच चूक करतो.

आता दुसरं वर्ष. बागायतदाराने फोटो बदलले, मजकूर सुधारला. तिन्ही जाहिरातींचा क्लिक रेट वाढला. पहिलीचा १२ वरून १३, दुसरीचा ४ वरून ४.४, तिसरीचा ०.८ वरून ०.९. पहिल्या दोन जाहिराती गेल्या वर्षीइतक्याच वेळा दिसल्या, इन्स्टाग्रामची मात्र एक लाख नव्वद हजार वेळा. एकूण दोन लाखांवर २,१९३ क्लिक झाले. रेट १.१० टक्के. गेल्या वर्षी तो १.१६ होता. प्रत्येक जाहिरात सुधारली आणि एकूण रेट घसरला! हिशेब बरोबरच आहे. टाकीत या वेळी गाईचं दूध जास्त पडलं, एवढंच. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहिला, म्हणून हे नाव पडलं.

म्हणजे नुसती भारित सरासरी घेऊन दोन वर्षांची तुलना केली, तरी फसगत होऊ शकते. इथे लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांची एक जुनी पद्धत उपयोगी पडते. केरळचा ढोबळ मृत्युदर महाराष्ट्रापेक्षा जास्त दिसतो. तिथले दवाखाने वाईट आहेत असं त्यावरून कोणी म्हणत नाही, कारण तिथे वृद्धांचं प्रमाण जास्त आहे. म्हणून दोन्ही राज्यांचे वयोगटवार दर एकाच ठरावीक वयरचनेवर बसवून मग तुलना करतात. आपणही तेच करू. नवे रेट गेल्या वर्षीच्या संख्यांवर बसवू. ५०० चे १३ टक्के ६५, ९,५०० चे ४.४ टक्के ४१८, ९०,००० चे ०.९ टक्का ८१०. एकूण १,२९३, म्हणजे १.२९ टक्के. १.१६ वरून १.२९. फोटो आणि मजकुराच्या मेहनतीला फळ आलं, हे आता स्वच्छ दिसतं. १.१० हा आकडाही खराच आहे, पण तो ‘या वर्षी एकंदर किती लोक आले’ या प्रश्नाचं उत्तर देतो. ‘जाहिराती सुधारल्या का’ या प्रश्नाचं उत्तर १.२९ मध्ये आहे. माझ्या मते अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी असायला हवेत, नाहीतर चांगलं काम करणाऱ्या माणसाला उगाच बोलणी बसतात.

लहान संख्येला वजन कमी देण्यामागे आणखी एक कारण आहे. तिच्यावर भरवसाही कमीच ठेवता येतो. पहिल्या जाहिरातीचे १५ टक्के ६० क्लिकवर उभे आहेत. त्या नऊ ऑर्डरपैकी दोन नात्यातल्या निघाल्या, तर पंधराचे बारापेक्षाही खाली येतात. संख्याशास्त्राचा ढोबळ अंदाज घेतला, तर तिचा खरा रेट सहापासून चोवीसपर्यंत कुठेही असू शकतो. तिसरीचा अडीच टक्के मात्र ७२० क्लिकवर आहे, तो सव्वा ते पावणेचारच्या मध्येच कुठेतरी असणार. पहिली जाहिरात सर्वांत यशस्वी म्हणून सगळा पैसा तिच्यावर लावायचा मोह होतो. पण बागेचं नाव टाकून शोधणारी माणसं मुळातच थोडी असतात, आणि त्यांतली बरीच जाहिरात नसती तरी आली असती.

साधी सरासरी कधीच वापरायची नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. वर्षभरात चाळीस ईमेल पाठवले आणि ‘आपला एखादा ईमेल साधारण कसा चालतो’ हे जाणून घ्यायचं असेल, तर प्रत्येक ईमेल एक नग मानून चालतं. तिथेही सरासरीपेक्षा मधला आकडा, म्हणजे चाळीस रेट चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा, घेतलेला बरा. एखाददुसऱ्या अफाट चाललेल्या ईमेलने तो हलत नाही.

आणि वजनाने न सुटणारी एक अडचण उरते. एखाद्या घरात कोणी इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहून क्लिक करतं, दोन दिवसांनी गूगलवर बागेचं नाव शोधून पुन्हा येतं आणि पेटी मागवतं. ती एक ऑर्डर गूगल आपल्या खात्यात मोजतं आणि इन्स्टाग्रामही आपल्या. म्हणून तिन्ही जाहिरातींच्या ऑर्डरची बेरीज ४६ आली, तरी बागायतदाराने आपली पाठवणीची वही उघडावी. जाहिरातीतून आलेल्या ऑर्डर तिथे ४१ च असतील, तर १,१६० क्लिकला ४१ ने हिशेब करायचा, आणि मग कन्व्हर्जन रेट साडेतीन टक्के येतो.